लोगो एकच, मापं अनेक

छापखान्यातून निरोप येतो, "लोगो ट्रान्सपरंट पीएनजीमध्ये पाठवा, तीनशे डीपीआय पाहिजे." वेबसाइट करणारा म्हणतो, "मला दोनशे पिक्सेल रुंद द्या, आणि एक छोटा आयकॉन." ऑनलाइन विक्रीचं पोर्टल चौकोनी चित्र मागतं. फ्लेक्सवाला काहीच मागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं उचलतो आणि दहा फुटांवर ताणतो. लोगो काढणाऱ्याने मात्र एकच फाइल दिलेली असते, तिचं नाव `logo.svg`. ती छापखान्यातल्या संगणकावर उघडली तर अक्षरं विस्कटतात, ईमेलमध्ये जोडली तर दिसत नाही, वर्डप्रेसवर चढवायला गेलं तर मुळात घेतलीच जात नाही. म्हणून मग त्या एका फाइलमधून वेगवेगळ्या मापांच्या पीएनजी काढाव्या लागतात. काम पाच मिनिटांचं वाटतं आणि खरोखर पाच मिनिटांतच होतं, पण त्याआधी एसव्हीजी नीट तपासलेली असेल तर.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, मसाले करणाऱ्या एका महिला बचत गटाचा लोगो आहे. डावीकडे लाल वर्तुळ, त्यात मिरचीची आकृती. उजवीकडे गडद तपकिरी रंगात 'चविष्ट' ही अक्षरं, त्यांच्याखाली एक बारीक रेघ आणि रेघेखाली लहान अक्षरांत 'घरगुती मसाले'. फाइल ४०० बाय १६० एककांची आहे. गटाला हा लोगो पाकिटाच्या लेबलवर, कापडी पिशवीवर, प्रदर्शनातल्या फ्लेक्सवर, वेबसाइटवर आणि मोबाइलच्या पडद्यावर हवा आहे.

एसव्हीजीची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली तर आत चित्र नसतं, मजकूर असतो. अमुक ठिकाणी केंद्र, अमुक त्रिज्या, लाल रंग भरा. इथून तिथपर्यंत वक्र काढा. पडद्यावर दिसणारा लोगो या सूचना वाचून दर वेळी नव्याने काढला जातो. त्यामुळे एसव्हीजीला रिझोल्यूशन नसतं. लिहिलेलं ४०० बाय १६० हे फक्त प्रमाण आहे, पाचास दोन. पीएनजी म्हणजे त्याच सूचनांवरून आलेखाच्या कागदावर एकदाच रंगवून टाकलेले चौकोन. किती चौकोनांत रंगवायचं ते रंगवण्यापूर्वी ठरवायचं असतं. एकदा रंगवून झालं की मागच्या सूचना विसरल्या जातात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हातात आलेली एसव्हीजी खरंच एसव्हीजी आहे का ते पाहणं. बाजारात असे पुष्कळ लोगो फिरतात, ज्यांत कुणीतरी जुना जेपीजी फोटो उचलून तसाच एसव्हीजीच्या वेष्टनात घातलेला असतो. नाव एसव्हीजी, आत पिक्सेल. ओळखायची खूण सोपी आहे. नोटपॅडमध्ये `<image` शोधा. ते सापडलं आणि त्यापुढे अक्षरांची न संपणारी रांग दिसली, तर ती फाइल कितीही मोठी करून काढा, कडा फुटणारच. आपल्या मसाल्याच्या लोगोत `<circle>`, `<path>` आणि `<text>` दिसतात. म्हणजे ठीक आहे. पण त्यातला तिसरा शब्द पुढच्या अडचणीची सूचना आहे.

`<text>` याचा अर्थ 'चविष्ट' ही अक्षरं आकृती म्हणून साठवलेली नाहीत. 'या फाँटमध्ये हा मजकूर लिही' एवढंच आत लिहिलं आहे. तो फाँट लोगो काढणाऱ्याच्या संगणकावर होता, तुमच्या संगणकावर तो असेलच असं नाही. नसेल तर संगणक हाताला लागेल तो फाँट वापरतो. इंग्रजी लोगोच्या बाबतीत एवढ्याने फक्त वळण बदलतं. देवनागरीत त्याहून वाईट होऊ शकतं. 'चविष्ट' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी दिसते, पण साठवताना ती 'व'नंतर येते, आणि 'ष्ट' हे जोडाक्षर ष, हलन्त आणि ट या तीन चिन्हांमधून घडतं. ही जुळणी करणारी यंत्रणा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये धड असतेच असं नाही. नसली की वेलांटी 'व'च्या उजवीकडे लटकते आणि 'ष्'चा पाय मोडलेला दिसतो. अक्षरं युनिकोडपूर्व जमान्यातल्या डीटीपी फाँटमध्ये असतील तर आणखी मजा. त्या फाँटमध्ये देवनागरीची रूपं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, त्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर मराठी शब्दाऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला उमटतो.

उपाय एकच: अक्षरांची आकृती करून टाकायची. हे ज्या संगणकावर मूळ फाँट आहे तिथेच करावं लागतं, म्हणजे सहसा लोगो काढणाऱ्यानेच. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं निवडून `Path` मेनूतलं `Object to Path` दाबलं की काम होतं. इलस्ट्रेटरमध्ये त्यालाच `Create Outlines` म्हणतात. यानंतर फाइलमध्ये 'चविष्ट' हा शब्द उरत नाही, नुसते वक्र उरतात, आणि ते कुठेही सारखेच दिसतात. अर्थात मग शब्द बदलताही येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची आणि आकृती केलेली फाइल `logo-path.svg` अशा वेगळ्या नावाने साठवायची. लोगो करून घेताना या दोन्ही फाइली मागून घ्याव्यात. काढणाऱ्याला पैसे देऊन झाल्यावर, दोन वर्षांनी त्याला शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

याच वेळी कडाही पाहून घ्याव्या. एसव्हीजीतली `viewBox` ही चौकट ठरवते की चित्राचा किती भाग दिसेल. चौकटीबाहेर गेलेलं पीएनजीत कापलं जातं. देवनागरीत हे विशेष घडतं, कारण वेलांटीचा माथा शिरोरेषेच्या वर चढतो आणि उकार खाली उतरतो. लोगो मांडताना शिरोरेषेपासून खालपर्यंतचं अंग मोजलेलं असतं, वरची वेलांटी हिशेबातच नसते. 'चवि'मधल्या वेलांटीची कमान वरून सपाट दिसली की समजावं, चौकट अपुरी आहे. चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवली तर हा प्रश्न येत नाही. आपल्या लोगोत दहा-दहा एककं सोडलेली आहेत असं धरू.

आता पारदर्शकता. एसव्हीजीला स्वतःची पार्श्वभूमी नसतेच. इंकस्केपमध्ये जो पांढरा कागद दिसतो तो केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी असतो, पीएनजी काढताना तो उतरत नाही. तरीही पांढरा चौकोन घेऊन पीएनजी बाहेर पडते, कारण बऱ्याचदा लोगो काढणाऱ्याने सगळ्यात खाली एक पांढरा आयत घालून ठेवलेला असतो. फाइलमध्ये साधारण असं दिसतं:

```
<rect width="400" height="160" fill="#ffffff"/>
```

ही ओळ काढली की लोगो मोकळा होतो. यापुढचा प्रश्न मात्र फसवा आहे. लाल वर्तुळातली मिरची पांढरी दिसते, ती पांढऱ्या रंगाची आहे की ते वर्तुळाला पाडलेलं भोक आहे? पांढऱ्या कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. गटाने पाकिटासाठी तपकिरी क्राफ्ट कागद निवडला की फरक कळतो. भोक असेल तर मिरची कागदाच्या तपकिरी रंगाची दिसेल. रंग असेल तर पडद्यावर पांढरी दिसेल, पण छापल्यावर पुन्हा तपकिरीच, कारण नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कागद कोरा सोडणं. पडदा आणि छपाई यांत असा फरक राहणार असेल तर तो आधी कळलेला बरा. तपासायचं कसं? पीएनजी झाली की ती एका गडद, उग्र रंगावर ठेवून पाहायची, हिरव्या किंवा निळ्या. पांढऱ्यावर ठेवून तपासलेली पारदर्शकता ही न तपासल्यासारखीच.

तिथेच कडांचंही खरं रूप दिसतं. चौकोनांच्या जाळीवर वर्तुळ काढलं की कडेचे काही चौकोन अर्धेमुर्धे वर्तुळात येतात. त्यांचं काय करायचं? जुन्या जीआयएफ फाइलला दोनच पर्याय माहीत होते, पिक्सेल आहे किंवा नाही, त्यामुळे तिथे कडा दातेरी येत. जीआयएफमागच्या दाबतंत्राच्या पेटंटवरून १९९४च्या अखेरीस वाद पेटला आणि त्याला पर्याय म्हणून पीएनजी जन्माला आली. १९९६ मध्ये ती वेबच्या मानक संस्थेने स्वीकारली. तिच्यात प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर पारदर्शकतेचं एक माप असतं, नेहमीच्या प्रकारात ० ते २५५. वर्तुळाने अर्धा व्यापलेला पिक्सेल पूर्ण लालच राहतो, त्याची पारदर्शकता तेवढी १२८ होते. खाली हिरवं आलं तर तो हिरव्यात मिसळतो, काळं आलं तर काळ्यात.

आता दुसरा, सर्रास चालणारा मार्ग पाहा. कुणीतरी पांढऱ्या पार्श्वभूमीची जेपीजी घेतो आणि एखाद्या ॲपमध्ये 'बॅकग्राउंड काढा' दाबतो. त्या जेपीजीत कडेचा पिक्सेल आधीच पांढऱ्यात मिसळून गेलेला असतो. आपला लाल १९८, ४०, ४० असा असेल तर अर्ध्या कडेवर तो २२६, १४७, १४७ असा फिकट गुलाबी होऊन बसलेला असतो. पांढरं काढलं तरी गुलाबी राहतं, आणि गडद फ्लेक्सवर लाल वर्तुळाभोवती मळकट किनार दिसते. रस्त्यावरच्या फलकांकडे जरा लक्ष देऊन पाहिलं तर अशा किनारी पदोपदी भेटतात. एसव्हीजीतून थेट पारदर्शक पीएनजी काढली तर ती किनार येण्याचं कारणच उरत नाही.

छपाईकडे वळू. तीनशे डीपीआय म्हणजे कागदावरच्या प्रत्येक इंचात तीनशे पिक्सेल. किती इंचात, हे सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. हिशेब असा: छापायची रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, २.५४ ने भागा, तीनशेने गुणा. लेबलवर लोगो सहा सेंटिमीटर रुंद असेल तर ७०९ पिक्सेल लागतील. कापडी पिशवीवर तीस सेंटिमीटर असेल तर ३५४३. बारीक अक्षरांच्या कडा तीनशेलाही किंचित मऊ वाटतात. 'घरगुती मसाले'सारखी लहान ओळ असेल तर लेबलसाठी मी दुप्पट, म्हणजे १४१७ पिक्सेल देईन. फ्लेक्सचं उलटं आहे. तो पाच-दहा फुटांवरून पाहिला जातो, तिथे इंचाला ७२ ते १०० पिक्सेल पुरतात. फ्लेक्सवर लोगो तीन फूट, म्हणजे ३६ इंच असेल तर शंभरच्या हिशेबाने ३६०० पिक्सेल झाले.

हे आकडे शेजारी ठेवले तर एक सोय दिसते. ३६०० बाय १४४० ची एकच पीएनजी लेबल, पिशवी आणि फ्लेक्स या तिन्हींना पुरते. सपाट रंगांचा लोगो असल्यामुळे फाइलही फार फुगत नाही, कारण सलग एकाच रंगाचे पिक्सेल पीएनजी छान दाबून साठवते.

इंकस्केपमध्ये `File` मेनूतल्या `Export` खिडकीत रुंदीच्या रकान्यात ३६०० लिहिलं की उंची आपोआप येते. तेच काम आज्ञा देऊन असं होतं:

```
inkscape logo-path.svg --export-type=png \
  --export-width=3600 --export-filename=logo-print.png
```

इथे रुंदी पिक्सेलमध्ये दिली आहे, डीपीआय दिलेला नाही, आणि त्याला कारण आहे. इंकस्केपला नुसतं 'तीनशे डीपीआय' सांगितलं तर तो फाइलमधल्या ४०० एककांना इंचात बदलतो. वेबच्या रिवाजाप्रमाणे ९६ एककांचा एक इंच धरतात, म्हणून ४०० म्हणजे ४.१७ इंच, आणि तीनशेने गुणून पीएनजी येते १२५० पिक्सेलची. लेबलला ती भरपूर आहे. पण तीच पिशवीवर तीस सेंटिमीटर केली तर इंचाला जेमतेम १०६ पिक्सेल उरतात. आता कल्पना करा, लोगो काढणाऱ्याने तीच आकृती १०० एककांत मांडली असती तर? त्याच 'तीनशे डीपीआय'मध्ये पीएनजी आली असती ३१३ पिक्सेलच्या आसपास. दोन्ही फाइलींवर शिक्का तीनशेचाच असता आणि दोन्ही पाठवणारे छातीठोकपणे सांगत असते की आम्ही मागितलं तेच दिलं.

तो शिक्का पीएनजीमध्ये खरोखरच असतो. मीटरला किती पिक्सेल, अशी एक छोटी नोंद फाइलच्या आत लिहिलेली असते; तीनशे डीपीआयसाठी ती ११८११ असते. ही नोंद पिक्सेल वाढवत नाही आणि कमीही करत नाही. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र प्रथम ठेवताना ते किती मोठं दिसावं, एवढंच तिच्यावरून ठरतं. छापखान्याचा ऑपरेटर नोंद पाहून फाइल परत पाठवत असेल तर ती बदलायला एक आज्ञा पुरते:

```
magick logo-print.png -units PixelsPerInch -density 300 logo-print-300.png
```

यातून गुणवत्ता कणभरही बदलत नाही, फक्त वाद मिटतो. ३६०० पिक्सेलची फाइल आता मांडणीत १२ इंच रुंद अवतरेल आणि ऑपरेटर ती हवी तेवढी लहान करेल.

वर जी `magick` आज्ञा वापरली ती इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरची. पुष्कळ जण एसव्हीजीचं रूपांतरही तिनेच करतात. तिथे एक खड्डा आहे. `magick logo.svg -resize 3600 logo.png` असं लिहिलं तर ती आधी लोगो ९६ च्या हिशेबाने लहानसा रंगवते, बहुधा पांढऱ्या कागदावर, आणि मग ते चित्र ताणून ३६०० पिक्सेलचं करते. आकडा बरोबर, लोगो धूसर. ओळखायचं असेल तर चित्र शंभर टक्के आकारात पाहून कडा बारकाईने बघा. थेट रंगवलेल्या लोगोत लाल संपून पारदर्शक सुरू व्हायला एखाददुसरा पिक्सेल लागतो, ताणलेल्यात आठ-नऊ पिक्सेलचा धूसर उतार दिसतो. हेच कारण आहे की मोठी पीएनजी हवी असताना लहान पीएनजीवरून ती कधीही काढू नये. प्रत्येक माप एसव्हीजीतूनच काढावं. संगणकाला त्याचे फारसे कष्ट पडत नाहीत.

वेबसाठी मोठेपणाचा प्रश्न नाही, लहानपणाचा आहे. स्वतःच्या वेबसाइटवर शक्य असेल तर सरळ एसव्हीजीच वापरावी. आजचे सगळे ब्राउझर ती दाखवतात. पीएनजी लागते ती ईमेलच्या सहीत, तयार वेबसाइट बांधून देणाऱ्या सेवांत, विक्रीच्या पोर्टलवर. समजा, पानाच्या माथ्यावर लोगो २०० पिक्सेल रुंद दिसायला हवा. पण मोबाइलच्या पडद्यावर वेबच्या एका पिक्सेलच्या जागी खरे पिक्सेल दोन-दोन, तीन-तीन दाटीने बसवलेले असतात. २०० चीच फाइल दिली तर फोन ती ताणतो आणि अक्षरं मऊ पडतात. म्हणून २००, ४०० आणि ६०० अशा तीन फाइली द्यायच्या आणि कुठली घ्यायची ते ब्राउझरवर सोडायचं:

```
<img src="logo-200.png"
     srcset="logo-400.png 2x, logo-600.png 3x"
     width="200" height="80" alt="चविष्ट">
```

तिन्ही फाइली एका दमात काढायच्या असतील तर लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये हा तुकडा चालतो. माउसने काम करणाऱ्यांसाठी इंकस्केपच्या `Export` खिडकीत `Batch Export` नावाचा वेगळा भाग आहे.

```
for w in 200 400 600; do
  inkscape logo-web.svg --export-type=png \
    --export-width=$w --export-filename=logo-$w.png
done
```

इथे फाइलचं नाव बदललेलं दिसेल: `logo-web.svg`. मूळ लोगोत 'घरगुती मसाले' ही ओळ १४ एककं उंच आहे. ४०० चा लोगो २०० वर आणला की ती सात पिक्सेल उरते, आणि सात पिक्सेलांत मात्रा, उकार आणि शिरोरेषा एकमेकांत मिसळून जातात. इंग्रजीची लहान अक्षरं एवढ्या जागेत कशीबशी वाचता येतात, देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते. मग ती ओळ वेबच्या लोगोतून काढून टाकलेली बरी. कुणी म्हणेल, लोगोत असा बदल करायचा नसतो. न वाचता येणारी ओळ ठेवण्यापेक्षा नसलेली बरी, असं माझं मत आहे, आणि जाणते लोगो काढणारे अशी लहान आवृत्ती आपणहून देतात.

ब्राउझरच्या टॅबवरचा आयकॉन तर १६ बाय १६ पिक्सेलचा. तिथे आडवा लोगो बसवायचा म्हणजे १६ पिक्सेल रुंदीत उंची फक्त सहा, आणि अक्षरांच्या जागी तपकिरी डाग. त्यासाठी तिसरी, चौकोनी एसव्हीजी लागते. लाल पार्श्वभूमीवर पांढरा 'च', एवढंच. ही फाइल १६ बाय १६ एककांच्या जाळीवरच मांडायची, आणि मांडताना शिरोरेषेकडे लक्ष द्यायचं. शिरोरेषा दोन एककं जाड आहे आणि ती वरून तिसऱ्या रेघेपासून पाचव्या रेघेपर्यंत नेमकी बसली आहे, तर १६ पिक्सेलांत ती दोन ओळी भरून ठसठशीत उमटते. तीच अर्ध्या एककाने खाली सरकली की वरची आणि खालची ओळ निम्मी-निम्मी भरते आणि पांढऱ्या रेषेला दोन्ही बाजूंनी गुलाबी धूर येतो. उभ्या दांड्याचंही तसंच. मोठ्या मापात या अर्ध्या एककाचा पत्ता लागत नाही, टॅबवर मात्र त्यावरच अक्षर ओळखू येतं की नाही ते ठरतं.

जाळी १६ ची असल्यामुळे ३२, ४८, १९२ आणि ५१२ ही मापंही स्वच्छ निघतात, कारण ती सगळी १६ च्या पटीत आहेत. टॅबसाठी १६, ३२, ४८ आणि अँड्रॉइडवर वेबसाइटचं चिन्ह पडद्यावर ठेवण्यासाठी १९२ आणि ५१२ अशी ही वाटणी आहे. आयफोनला १८० लागतं. ते १६ च्या पटीत नाही, पण एवढ्या मापाला काही बिघडत नाही. आयफोनचा खरा मुद्दा वेगळाच आहे: तिथे पारदर्शकता चालत नाही. आयकॉनच्या मोकळ्या भागात फोन काळा रंग भरतो. तुमचं चिन्ह लाल गोलाकार असेल तर चार कोपऱ्यांत काळी टोकं दिसतील. त्या एका फाइलला मुद्दाम पार्श्वभूमी द्यायची:

```
inkscape icon.svg --export-type=png --export-width=180 \
  --export-background="#ffffff" --export-background-opacity=255 \
  --export-filename=icon-180.png
```

आता पुन्हा छापखान्यात, कारण तिथला एक प्रश्न कितीही पिक्सेल दिले तरी सुटत नाही. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी होते, आणि पीएनजीत या चार शायांची मापं साठवायची सोयच नाही. ती लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या भाषेत रंग सांगते. रूपांतर छापखान्यातलं सॉफ्टवेअर करतं. आपला लाल त्यात थोडा मंदावेल, पडद्यावरचा झगझगीत केशरी असता तर बराच. गडद अक्षरांचं दुखणं वेगळं आहे. पीएनजीतला शुद्ध काळा रूपांतरात बहुधा चारही शायांचं मिश्रण होतो, आणि ऑफसेटवर एखादी प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत किनार येते. 'घरगुती मसाले' ही ओळ काळी असेल तर ती फक्त काळ्या शाईत छापली गेली पाहिजे, आणि ते पीएनजीतून सांगता येत नाही. म्हणून ऑफसेटला हजारो पाकिटं जाणार असतील तर अक्षरांची आकृती केलेली पीडीएफ द्यावी आणि सोबत चारही शायांची टक्केवारी लिहून द्यावी. कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यालाही तीच जास्त उपयोगी, कारण तो प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काढतो. पीएनजीची खरी जागा डिजिटल प्रिंट, फ्लेक्स आणि वर्डमधलं पत्र यांत आहे. छापखाना मात्र पीएनजीच मागत असेल तर द्यावी, पण एक नमुना कागदावर काढून पाहिल्याशिवाय पूर्ण काम सुरू करू देऊ नये.

फाइली पाठवण्यापूर्वी एकदा एवढं तपासलेलं बरं:

```
magick identify -format "%f %wx%h %[opaque]\n" *.png
```

प्रत्येक फाइलपुढे तिची रुंदी, उंची आणि शेवटी `True` किंवा `False` दिसतं. `False` म्हणजे कुठेतरी पारदर्शक भाग आहे. आपल्या यादीत ते लोगोच्या सगळ्या फाइलींना यायला हवं. `icon-180.png` पुढे मात्र `True` हवं, आणि लाल पार्श्वभूमी चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत भरलेली असेल तर बाकीच्या आयकॉनपुढेही तेच येईल.

आणि पाठवायच्या कशा? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्या तर तिथे त्यांची जेपीजी होते, पिक्सेल कमी होतात आणि पारदर्शक भाग पांढरा किंवा काळा होऊन जातो. एवढं करून काढलेली ३६०० ची फाइल पलीकडे पोचते ती त्याच अवस्थेत, जिच्यातून पुन्हा कुणीतरी 'बॅकग्राउंड काढा' दाबणार. जोडणीच्या चिन्हातून `Document` निवडून पाठवली तर फाइल जशीच्या तशी जाते. सगळ्या पीएनजी आणि तिन्ही एसव्हीजी एका झिपमध्ये बांधून पाठवल्या तर आणखी चांगलं, कारण झिप कुणाला चुकूनही फोटो म्हणून पुढे ढकलता येत नाही.